कुत्र्याला रक्त चढवायचंय: गोचीड ताप, रक्तगट आणि दुसऱ्या पिशवीचा प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात रोज एखादा तरी कुत्रा हिरड्या पांढऱ्या पडलेल्या अवस्थेत येतो. मालक घाबरलेले असतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की रक्त चढवावं लागेल, आणि मग प्रश्नांची रांग लागते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या प्रकारच्या रक्तक्षयाबद्दल लिहीत नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा, गोचीड तापातून येणारा रक्तक्षय धरून लिहितो आहे. राणी नावाच्या एका कुत्रीची केस अधूनमधून येईल, कारण रक्तगटाचं महत्त्व मला तिच्याइतकं स्पष्ट कुणीच दाखवलं नाही.

गोचीड तापात रक्त एवढं कमी का होतं? गोचिडी रक्त पितात म्हणून?

अंगभर गोचिडी असलेल्या लहान पिल्लात तेही होतं. पण मोठ्या कुत्र्यात खरं नुकसान करतात ते गोचिडीच्या लाळेतून शरीरात शिरणारे जंतू. आपण ज्याला सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतो, त्यात निदान दोन वेगळे आजार असतात.

एक बबेसिया. हा परजीवी थेट लाल पेशीच्या आत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती अशा बिघडलेल्या पेशी शोधून मारायला लागते आणि त्या भरात चांगल्या पेशीही मारते. म्हणून स्लाइडवर परजीवी थोडेच दिसत असले तरी रक्त झपाट्याने उतरू शकतं. लघवी चहासारखी किंवा लालसर होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो.

दुसरा अर्लिकिया. हा पांढऱ्या पेशीत राहतो. सुरुवातीला ताप येतो, प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येतं. उपचार झाले नाहीत आणि आजार महिनोन्‌महिने रेंगाळला, तर काही कुत्र्यांत तो अस्थिमज्जेवर येतो. तिथे रक्त तयार होणंच थांबतं. अशा कुत्र्याचं रक्त हळूहळू उतरतं, पण ते परत वर आणणं फार अवघड असतं.

दोन्ही जंतू एकाच कुत्र्यात सापडणं मुळीच नवलाचं नाही. गोचीड तीच, तपकिरी रंगाची, घराच्या भिंतींच्या फटीतही राहणारी.

घरी कसं ओळखायचं?

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती निरोगी कुत्र्यात गुलाबी असते. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. अशा वेळी डोळ्याची खालची पापणी अलगद खाली ओढून आतला भाग बघा. कुत्री असेल तर योनीच्या आतली बाजू, नर असेल तर शिश्नावरची कातडी मागे सारून आतला रंग बघता येतो.

रंगापेक्षाही मला कुत्र्याचं वागणं जास्त सांगतं. जिना चढताना मध्येच बसतो का? झोपलेला असताना एका मिनिटात तीसपेक्षा जास्त वेळा श्वास घेतो का? मांडीच्या आतल्या बाजूला हात ठेवला तर नाडी जोरजोरात उसळते का? माती खाणं, भिंत चाटणं हेही रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. उभं राहताना झोकांडी जात असेल किंवा लघवी लाल झाली असेल, तर सकाळची वाट बघू नका.

रिपोर्टमधला पीसीव्ही म्हणजे काय?

बारीक काचेच्या नळीत रक्त भरून ती नळी पाच मिनिटं वेगाने फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पाण्यासारखा प्लाझ्मा उरतो. नळीचा किती टक्के भाग लाल पेशींनी व्यापला, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. मोठ्या निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. रिपोर्टवर फक्त हिमोग्लोबिन असेल तर त्याला तीनने गुणा, अंदाज येतो. हिमोग्लोबिन ५ म्हणजे पीसीव्ही सुमारे १५.

ती नळी दवाखान्यात फिरवली असेल तर एकदा बघायला मागा. वरचा प्लाझ्मा फिकट, जवळजवळ पाण्यासारखा असेल तर ठीक. हळदीसारखा पिवळा असेल तर बहुधा लाल पेशी शरीरात फुटत आहेत. गुलाबी असेल तर त्या थेट रक्तवाहिनीतच फुटत आहेत, किंवा रक्त काढताना नमुना बिघडला आहे. एका थेंबाच्या तपासणीत एवढी माहिती दुसरी कुठलीच मिळत नाही.

पीसीव्ही कितीवर आला की रक्त चढवतात?

सगळे हाच प्रश्न विचारतात आणि एक आकडा मागतात. साधारणपणे पीसीव्ही १५च्या खाली गेला की आम्ही दाता शोधायला लागतो. १५ ते २०च्या मध्ये असेल तर कुत्र्याकडे बघून ठरवतो. पण आकड्यापेक्षा तो किती वेगाने उतरला हे जास्त महत्त्वाचं असतं.

शरीराला वेळ मिळाला तर ते कमी रक्तावर चालवायला शिकतं. हृदय जास्त रक्त ढकलतं, लाल पेशी पेशीजालाला ऑक्सिजन जास्त सहज सोडतात. म्हणून जुनाट अर्लिकियाचा एखादा कुत्रा १४वर शेपूट हलवत चालत येतो आणि दोन दिवसांत ४०वरून २०वर आलेला दुसरा स्ट्रेचरवर येतो. अपघातात तर उलटच फसवणूक होते: पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही एकत्र वाहून गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत पीसीव्ही चांगला दिसतो आणि सलाईन लावल्यावर किंवा शरीराने पाणी खेचून घेतल्यावर खरा आकडा कळतो.

राणी जुलैत आली. तीन वर्षांची गावठी कुत्री, वजन १८ किलो. चार दिवसांपूर्वी जेवत होती. आली तेव्हा मान उचलत नव्हती. हृदयाचे ठोके मिनिटाला १७२, श्वास ४८. पीसीव्ही ११, प्लाझ्मा गडद पिवळा, प्लेटलेट २८,०००. स्लाइडवर लाल पेशींच्या आत अंगठीसारखे बारीक ठिपके दिसत होते: बबेसिया गिबसोनी, म्हणजे बबेसियाचा लहान आकाराचा आणि औषधांना चिवट प्रकार. त्यावरचं अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन त्याच दिवशी सुरू केलं. पण हे औषध दहा दिवसांचं असतं, आणि ती दहा तास काढेल याचीही खात्री नव्हती. रक्त चढवणं हा बबेसियावरचा इलाज नाही. औषध लागू पडेपर्यंतचे दिवस त्याने मिळतात.

प्लेटलेट फक्त २०,००० आहेत. त्यासाठी रक्त चढवायचं ना?

डेंगीमुळे आपल्या डोक्यात प्लेटलेट आणि पिशवी ही जोडी पक्की बसली आहे. कुत्र्यात ती बहुतेक वेळा लागू होत नाही. ताजं रक्त किलोमागे दहा मिली दिलं तरी प्लेटलेट जेमतेम दहा हजारांनी वाढतात आणि त्याही लवकर संपतात. गोचीड तापातल्या प्लेटलेट मूळ आजारावर औषध सुरू झालं की बहुतेकदा काही दिवसांतच वर यायला लागतात. रक्तस्राव होऊन लाल पेशीही उतरल्या असतील, तर रक्त द्यायचं ते लाल पेशींसाठी. नुसता प्लेटलेटचा आकडा बघून कुत्र्याला परक्या रक्ताची ओळख करून देऊ नये. ही ओळख पुढे महागात पडू शकते, ते खाली सांगतो.

आयर्नचं टॉनिक, बीट, कलेजी याने रक्त भरून येणार नाही का?

बबेसियात पेशी शरीराच्या आतच फुटतात, त्यामुळे त्यातलं लोह शरीरातच राहतं. कमतरता लोहाची नसते. टॉनिकने बाटली संपते, पीसीव्ही हलत नाही. लोह खरंच कमी पडतं ते रक्त शरीराबाहेर जात राहतं तेव्हा: अंकुशकृमी झालेली पिल्लं, गोचिडींनी भरलेलं अंग, आतड्यातून महिनोन्‌महिने झिरपणारं रक्त. तिथे लोह जरूर द्यावं, डॉक्टर सांगतील तसं. कलेजी आवडत असेल तर थोडी द्या, पण तिच्या भरवशावर १२ पीसीव्हीचा कुत्रा घरी ठेवू नका.

गोचीड ताप सोडून आणखी कशात रक्त लागतं?

अपघात, प्लीहेतली गाठ फुटणं, उंदराचं औषध खाऊन रक्त न गोठणं (यात व्हिटॅमिन के द्यावंच लागतं आणि गोठवणारे घटक मिळावेत म्हणून प्लाझ्मा किंवा ताजं रक्तही), अंकुशकृमींनी रिकामी केलेली पिल्लं, कांदा-लसूण जास्त खाल्ल्याने फुटलेल्या पेशी. आणि प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच लाल पेशींवर केलेला हल्ला, जो गोचीड तापाशिवायही होतो. कारण काहीही असो, रक्तगट आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त घेणाऱ्याशी जुळतं का याची तपासणी, यांचं गणित तेच राहतं.

कुत्र्यांत रक्तगट किती असतात?

आपल्यासारखे ए, बी, ओ नसतात. कुत्र्यांच्या गटांना डीईए म्हणतात आणि पुढे आकडा येतो: डीईए १, ३, ४, ५, ७ वगैरे. त्याशिवाय डॅल आणि काई नावाचे गट नंतर सापडले. माणूस एकतर ए असतो किंवा बी, एबी, ओ. कुत्र्यात मात्र प्रत्येक गट स्वतंत्रपणे असतो किंवा नसतो. म्हणजे एकच कुत्रा डीईए १ पॉझिटिव्ह, ३ निगेटिव्ह, ४ पॉझिटिव्ह असा असू शकतो.

व्यवहारात पहिला प्रश्न एकच विचारायचा: डीईए १ आहे की नाही? कारण निगेटिव्ह कुत्र्याच्या शरीराला सर्वांत जास्त चिथावणारा गट हाच. जुन्या पुस्तकांत १.१ आणि १.२ असे दोन वेगळे गट लिहिलेले असतात. आता ते एकाच गटाचं कमीजास्त प्रमाण मानलं जातं, कुणात फिकट, कुणात ठळक. म्हणून तपासणीच्या कार्डावर पुसट रेघ आली तरी तो पॉझिटिव्हच धरायचा.

जातीवरून गट सांगता येत नाही. लॅब्राडोर आहे म्हणजे अमुक गट, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आई आणि पिल्लू यांचा गटही वेगळा असू शकतो.

कुत्र्याला पहिल्यांदा कुठल्याही कुत्र्याचं रक्त चालतं असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं आहे, आणि तेवढ्यावर थांबल्यानेच घोटाळा होतो.

माणसाच्या रक्तात अगदी लहानपणापासूनच परक्या गटाविरुद्ध अँटिबॉडी तयार असतात, म्हणून चुकीच्या गटाची पहिलीच पिशवी जीव घेऊ शकते. मांजरातही तसंच असतं, त्यामुळे मांजराला गट न बघता कधीच रक्त देऊ नये. कुत्र्यात डीईए १ विरुद्ध अशा तयार अँटिबॉडी नसतात. निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त पहिल्यांदा दिलं तर त्या दिवशी सहसा काहीच होत नाही. हिरड्या गुलाबी होतात, कुत्रा उठून बसतो, सगळे आनंदाने घरी जातात.

पण शरीराने ते परकं रक्त ओळखून ठेवलेलं असतं. साधारण चौथ्या दिवसापासून अँटिबॉडी तयार व्हायला लागतात. पुढच्या आठवडाभरात त्या दात्याच्या पेशी शोधून मारू लागतात. निरोगी, जुळणारी दिलेली पेशी तीन-चार आठवडे टिकली असती, ती पाच-सात दिवसांतच संपते. चढवलेलं रक्त अचानक उतरतं, कधी काविळीसारखा पिवळेपणा येतो, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं नाही.

त्याहून वाईट पुढे असतं. त्या अँटिबॉडी शरीराच्या आठवणीत राहतात. सहा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी त्याच कुत्र्याला पुन्हा पॉझिटिव्ह रक्त दिलं, तर काही मिनिटांत पेशी फुटायला लागतात: ताप, उलटी, थरथर, लाल लघवी, रक्तदाब कोसळणं. तेव्हा पहिली पिशवी बिनधास्त दिली जाते आणि किंमत दुसऱ्या पिशवीला मोजावी लागते.

मग राणीला पहिल्यांदा कुणाचं रक्त दिलं?

रात्री नऊ वाजता शेजारच्या सोसायटीतला एक लॅब्राडोर मिळाला, ३२ किलोचा, पीसीव्ही ४८. गट तपासायचं कार्ड आमच्याकडे संपलं होतं. ही आमची चूक. पावसाळ्यात ते संपता कामा नये. राणीला आधी कधी रक्त दिलं नव्हतं, आणि वाट बघायला वेळ नव्हता. क्रॉसमॅच केलं, ते स्वच्छ आलं आणि रक्त घेतलं.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. रक्त चढवण्याआधी राणीचा आणि दात्याचा थोडा नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवला. रक्त चढवल्यानंतर गट तपासला तर दोघांच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि उत्तर फसवं येतं. तुमच्या कुत्र्याला घाईत रक्त द्यायची वेळ आली तर आधीचा नमुना ठेवायला सांगा. खर्च नाही, दोन मिली रक्ताचा प्रश्न आहे.

किती रक्त द्यायचं हे कसं ठरतं?

झटपट हिशेब असा: किलोमागे दोन मिली संपूर्ण रक्त दिलं की पीसीव्ही साधारण एकाने वाढतो. राणीला ११वरून २२वर न्यायचं तर २ × १८ × ११, म्हणजे ३९६ मिली. जरा नेमका हिशेब दात्याचा पीसीव्हीही धरतो:

```
रक्त (मिली) = ९० × वजन (किलो) × (हवा तो पीसीव्ही − आत्ताचा पीसीव्ही) ÷ दात्याचा पीसीव्ही
९० × १८ × (२२ − ११) ÷ ४८ = ३७१
```

दात्याचा पीसीव्ही ४८, म्हणजे रक्त दाट, म्हणून दुसरा आकडा थोडा कमी आला. आमच्याकडे ३५० मिलीची पिशवी होती, जी माणसांच्या रक्तदानात वापरतात तीच. तिच्यात रक्त न गोठण्यासाठी ४९ मिली द्रव आधीच असतो, म्हणून ती पूर्ण भरावी लागते. अर्धवट भरली तर त्या द्रवातल्या सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि ते कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. ३५० मिलीत पीसीव्ही २१पर्यंत जायला हवा होता.

पीसीव्ही ४०वर नेण्याचा आग्रह धरू नका. धोक्याबाहेर काढण्यापुरतं रक्त द्यायचं, उरलेलं काम तिची अस्थिमज्जा करते.

रक्त चढवताना काय बघतात?

पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा. तेव्हा वेग अगदी कमी ठेवतात, तासाला किलोमागे अर्धा मिली. राणीसाठी ते तासाला ९ मिली झालं, म्हणजे मिनिटाला तीन थेंब. लोक विचारतात, एवढं हळू का, ती मरते आहे! कारण रिॲक्शन यायची असेल तर तेव्हा तिच्या अंगात जेमतेम चमचाभर रक्त गेलेलं असतं. अर्ध्या तासानंतर वेग मिनिटाला सुमारे ३८ थेंबांवर नेला आणि चार तासांच्या आत पिशवी संपवली. त्याहून जास्त वेळ पिशवी बाहेरच्या तापमानात टांगून ठेवली तर जंतू वाढण्याची भीती असते.

दर पंधरा मिनिटांनी ताप, ठोके, श्वास आणि हिरड्यांचा रंग कागदावर लिहायचा. एक अंशाने ताप वाढला, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, तर पिशवी लगेच बंद करून डॉक्टरांना हाक मारा. लघवी लाल झाली तर पेशी फुटत आहेत. श्वास वाढला आणि खोकला आला तर रक्त हृदयाला झेपत नाही. जुनाट रक्तक्षयात आणि म्हाताऱ्या कुत्र्यात हे जास्त दिसतं. ओठ किंवा स्नायू फडफडायला लागले तर कॅल्शियम तपासतात.

पिशवीखाली गाळणी असलेलाच सेट लागतो, साधा सलाईनचा सेट चालत नाही. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट सोडायचं नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे रक्त गोठतं. लागलंच तर साधं नॉर्मल सलाईन.

पहाटे दोनला पिशवी संपली. सकाळी राणीचा पीसीव्ही २० होता आणि तिने दहीभात खाल्ला.

क्रॉसमॅच आणि रक्तगट तपासणं एकच ना?

नाही, आणि हा फरक समजून घ्या.

रक्तगट तपासणीत लाल पेशीवर कुठला गट आहे ते कळतं. क्रॉसमॅचमध्ये घेणाऱ्याच्या प्लाझ्मात दात्याच्या पेशींविरुद्ध आत्ता अँटिबॉडी आहेत का, ते कळतं. पद्धत साधी असते. दात्याच्या पेशी सलाईनने तीन वेळा धुतात, सलाईनमध्ये पातळ करतात, दोन थेंब घेऊन त्यात घेणाऱ्याच्या प्लाझ्माचे दोन थेंब टाकतात. अंगाच्या उबेइतक्या, ३७ अंशांवर पंधरा ते तीस मिनिटं ठेवून फिरवतात. वरचा भाग लाल झाला तर पेशी फुटल्या. नळी हलवल्यावर तळचा गोळा सुटत नसेल, गुठळ्या दिसत असतील, तर जुळत नाही. शेजारी एक तुलनेची नळी ठेवतात, घेणाऱ्याच्याच पेशी आणि त्याचाच प्लाझ्मा. तिच्यातही गुठळ्या आल्या तर कुत्रा स्वतःच्याच रक्ताशी भांडतो आहे आणि क्रॉसमॅचवर विसंबता येत नाही. नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी म्हणजे गुठळ्या नव्हेत. सलाईनचा थेंब टाकला की त्या सुट्या होतात.

आता राणीचं बघा. तिचं पहिलं क्रॉसमॅच स्वच्छ आलं, कारण तिने परकं रक्त कधी पाहिलंच नव्हतं. याचा अर्थ गट जुळत होता असा नाही. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. फ्रिजमधल्या नमुन्यांवर तपासलं: राणी डीईए १ निगेटिव्ह, लॅब्राडोर ठळक पॉझिटिव्ह.

मग पुढे काय झालं?

नवव्या दिवशी राणी पुन्हा आली. पीसीव्ही १३, ठोके १६८, पुन्हा निपचित. स्लाइडवर परजीवी शोधूनही सापडत नव्हते, पण कोवळ्या लाल पेशी भरपूर होत्या. म्हणजे औषध काम करत होतं आणि अस्थिमज्जा जागी झाली होती. तरी रक्त उतरलं, कारण दिलेल्या पेशी तिच्या नव्या अँटिबॉडींनी मारल्या होत्या.

घरच्यांनी त्याच लॅब्राडोरला गाडीत घालून आणलं होतं. “मागच्या वेळी याचंच लागू पडलं,” असं ते कळकळीने सांगत होते. त्यांच्यासमोर क्रॉसमॅच केलं. नळी उभी धरली तर पाणी लाल आणि तळाशी घट्ट गुठळी. ते रक्त दिलं असतं तर राणी त्या टेबलावरच गेली असती.

मग निगेटिव्ह दात्याची शोधाशोध. पाचव्या कुत्र्याचं कार्ड निगेटिव्ह आलं, २६ किलोचा एक गावठी नर. क्रॉसमॅच स्वच्छ. रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी पीसीव्ही २२ आणि तीन आठवड्यांनी ३६.

दुसऱ्यांदा रक्त देताना, पहिल्यापासून चार दिवसांहून जास्त झाले असतील तर क्रॉसमॅच लागतंच. दाता तोच असला तरी आणि दोघांचा गट जुळत असला तरी, कारण डीईए १ सोडून इतर गटांविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात.

दाता कसा हवा? आमचा कुत्रा देऊ शकेल का?

वजन २५ किलोच्या पुढे, वय एक ते आठ वर्षं, सगळ्या लशी झालेल्या, पीसीव्ही ४०च्या वर, स्वभाव शांत, आणि त्याला स्वतःला कधीही रक्त चढवलेलं नसावं. डीईए १ निगेटिव्ह असेल तर तो सोन्याहून पिवळा, कारण त्याचं रक्त दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना चालतं.

सर्वांत अवघड अट आजारांची. बबेसिया गिबसोनी वरवर ठणठणीत कुत्र्याच्या रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतो आणि रक्त चढवताना सरळ पुढे जातो. स्लाइड स्वच्छ आली म्हणून दाता स्वच्छ ठरत नाही, त्यासाठी पीसीआर, म्हणजे रक्तातला जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, लागते. मध्यरात्री पीसीआरचा रिपोर्ट मिळत नाही, म्हणून दाते आधीच तपासून ठेवायला हवेत. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांची रक्तपेढी आहे. तशी सोय हाताशी नसेल तिथे मालकांनी आपल्या मोठ्या कुत्र्याची बबेसिया, अर्लिकिया, हृदयकृमी यांची तपासणी आणि डीईए १चं कार्ड वर्षातून एकदा करून डॉक्टरांकडे नोंदवून ठेवावं. मी प्रत्येक लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डच्या मालकाला हे विनवतो. दहातले दोन तयार झाले तरी एक पावसाळा निघतो.

दात्याला त्रास होतो का?

नीट केलं तर नाही. कुत्र्याच्या अंगात किलोमागे सुमारे ८५ ते ९० मिली रक्त असतं, त्यातलं १६ मिलीपर्यंत घेता येतं. ३२ किलोच्या कुत्र्याकडून ५१२ मिली घेता आलं असतं, आम्ही ३५० घेतलं. मानेच्या शिरेतून घेतात, तिथले केस काढावे लागतात, पंधरा मिनिटांत होतं. चुळबुळ्या कुत्र्याला हलकी गुंगी देतात. नंतर पाणी, खाणं, मानेला दिवसभर पट्टा नाही, दोन दिवस पळवापळवी नाही. पुढचं दान किमान सहा ते आठ आठवड्यांनी.

माणसाचं रक्त चालेल का?

नाही. कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त.

घरी गेल्यावर काय बघायचं?

पहिले दोन आठवडे रोज सकाळी पापणीच्या आतला रंग आणि लघवीचा रंग बघा. पीसीव्ही दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या-पाचव्या आणि आठव्या-दहाव्या दिवशी करून घ्या, कुत्रा छान खेळत असला तरी. मधल्या काळात पिवळेपणा आला तर “औषधाची उष्णता” म्हणून सोडू नका. बबेसियाचं औषध चरबीयुक्त जेवणासोबतच द्यायचं असतं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. अर्लिकिया असेल तर डॉक्सीसायक्लीन पूर्ण २८ दिवस, ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी थांबवायचं नाही.

आणि लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, रक्त चढवल्याची तारीख, कुत्र्याचा डीईए १ गट आणि दात्याचा गट लिहून घ्या. राणीच्या पुस्तिकेवर तिच्या घरच्या मुलीने लिहिलंय: ‘फक्त निगेटिव्ह. आधी क्रॉसमॅच.’ गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी ती पुस्तिका राणीसोबत जाईल.